तीन गोड्या भिंती

रंगाचा अंदाज देताना आम्ही दोघं भांडतो, हे गिऱ्हाइकाला पहिल्या दहा मिनिटांतच कळतं. मी टेप लावतो, चाचा तळहात लावतात. मी चारही भिंतींची लांबी मिळवून उंचीनं गुणतो, दार-खिडक्या वजा करतो आणि दोन हात मारायला साठ चौरस फुटांमागे एक लिटर रंग धरतो. तोवर चाचा भिंतीला ओलं बोट लावून ते किती वेळात सुकतं हे बघत उभे असतात. "फूट किती बी असू दे बाबू, भिंत किती पिऊन राह्यली ते पाह्य," हे त्यांचं ठरलेलं बोलणं. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण बहुतेक वेळा बरोबर तेच निघतात.

चाचा आमच्या देऊळघाटचेच. त्यांच्या घरात वडिलांपासून रंगकाम. मी दोन एकरवाला शेतकरी. हरभरा निघाला की पेरणीपर्यंत हात मोकळे असतात, तेव्हा त्यांच्याबरोबर छोट्या फ्लॅटची कामं घेतो. बंगले आणि मोठ्या इमारती ठेकेदार उचलतात. आमच्या वाट्याला येतात दोन खोल्या, एखादं गळकं बाथरूम, फुगलेली भिंत, आणि "जरा कमी करा ना" म्हणणारे लोक. माझा स्वभाव तापट आहे हे गावात कोणालाही विचारा. चाचा म्हणतात, मी पुट्टी कमी आणि डोकं जास्त घासतो.

त्या उन्हाळ्यात काम आलं ते शेगावचं. आम्ही घाटावरची माणसं, एवढ्या लांब घाटाखाली कामाला जात नाही. पण बोलावणं नर्सबाईंचं होतं. आमच्या गावच्या उपकेंद्रात त्यांनी निम्मी नोकरी काढली. माझ्या दोन्ही पोरांना त्यांनी लस टोचली, माझ्या आईचं रात्रंदिवस केलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी शेगावात तळमजल्यावर छोटा फ्लॅट घेतला. नवरा आधीच गेलेला, एकच मुलगी, तिचं लग्न झालेलं. त्या मुलीला दिवस गेले होते आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, यासाठी बाईंचा जीव टांगणीला लागला होता.

अडचण झोपायच्या खोलीत होती. बाथरूमला लागून असलेली तिथली भिंत कमरेपर्यंत ओली, प्लास्टर पोकळ, वर काळी बुरशी. मुलीच्या सासूबाई एकदा येऊन ती बघून गेल्या होत्या. त्या संग्रामपूरकडच्या, सोनाळ्याच्या अलीकडच्या एका गावच्या. बोलायला रोखठोक. त्यांनी बाईंना तोंडावर सांगितलं होतं, "खोली कोरडी झाली तर बाळंतीण तुमच्या घरी. नाई तर दवाखान्यातून सिधी माह्या घरी नेईन. मंग वाईट वाटून घेऊ नका."

बाईंनी हे आम्हाला पहिल्याच दिवशी, चहा द्यायच्याही आधी सांगितलं. "नोकरीत लोकाइच्या शेकडो पोरी बाळंत केल्या रे. आता माझी एक लेक, अन् ती माझ्या घरी येणार का नाही, हे ह्या भिंतीवर अडलं."

मी टेप काढला. झोपायची खोली दहा बाय अकरा, हॉल दहा बाय चौदा. दार-खिडक्या जाऊन दोन्ही मिळून आठशे फुटांच्या आसपास भिंत. म्हणजे रंगाची दहा लिटरची एक बादली आणि चारचा एक डबा. दोन्ही एकाच वेळी, एकाच यंत्रावर मिसळून घ्यायचे, नाहीतर एका भिंतीचा बदामी दुसऱ्या भिंतीला ओळख दाखवत नाही. झोपायच्या खोलीला पुट्टी लागणार होती, चाळीस किलोची एक गोणी. हॉलच्या भिंती चांगल्या होत्या, तिथं नुसतं घासून दोन हात. बाईंकडे एका ठेकेदाराचा अंदाज होता. त्यानं फ्लॅटच्या क्षेत्रफळाला साडेतीननं गुणून टाकलं होतं. स्वयंपाकघराला निम्म्यापर्यंत फरश्या आहेत आणि बाथरूमला वरपर्यंत, हे त्याला घरी बसून दिसलं नसावं. मी ते वाचून हसलो आणि बाईंचं मन तिथंच जिंकलं.

मजुरीवर मात्र चाचा अडले. त्यांचं म्हणणं, बाकीच्या भिंती फुटावर घेऊ, पण ओली भिंत रोजीनं. "ओल्या भिंतीचं उक्तं घेऊ नये. तिच्या पोटात काय हाये ते तिलेच माहीत." उक्तं म्हणजे एकदाच ठरलेली रक्कम, मग काम वाढलं तरी आपलं नशीब. मला ते माहीत होतं. पण समोर बाई बसलेल्या. मी सगळंच उक्तं सांगून मोकळा झालो. चाचांनी फक्त माझ्याकडे बघितलं. गाडीत बसलो की हा माणूस मला सोलणार, हे मी तेव्हाच ओळखलं आणि तसंच झालं.

नळकाम करणाऱ्यानं बाथरूममधला गळका सांधा बदलला. मग आम्ही घाट उतरून आलो, सामान टाकलं, गच्चीवर झोपायची सोय केली. बाईंनी घर दाखवलं आणि एक ताकीद दिली. बाथरूमबाहेर झाकण लावलेला निळा ड्रम होता. "ह्याले हात लावू नका. हे नळाचं, पिण्याचं. नळ रोज येत नाही. तुमच्या कामाले हे घ्या," म्हणून बोअरचा नळ दाखवला. आम्ही मान डोलावली. उगाच कोणाचं पिण्याचं पाणी नासायचं नाही, एवढी समज आम्हाला आहे. त्या ड्रमाकडे आम्ही डोळा वर करूनही बघितलं नाही.

पोकळ प्लास्टर विटांपर्यंत उखडलं. भिंत उघडी ठेवून चार दिवस पंखा लावला. मग वाळू-सिमेंट कालवून नवं प्लास्टर ओढलं. चाचांचा हात असा, की पट्टी लावली तर खालून उजेड दिसणार नाही. त्यानंतर तराई. उन्हाळ्यात प्लास्टरला पाणी कमी पडलं की ते भेगाळतं, म्हणून मी बोअरच्या नळाला पाइप लावून सकाळ, दुपार, संध्याकाळ भिंत न्हाऊ घातली. मधल्या वेळेत हॉल घासून घेतला, झोपायच्या खोलीच्या बाकीच्या तीन भिंतींचा जुना रंग खरवडला. काम शिस्तीत चाललं होतं. बाळंतपणाची तारीख अजून तीन आठवडे लांब होती आणि प्लास्टर सुकायला त्यातले दोन तरी द्यायचे असं आम्ही ठरवलं होतं.

मग एका दुपारी बाईंचा फोन वाजला. मुलीला कळा सुरू झाल्या होत्या. खामगावच्या दवाखान्यात नेलं, रात्री सिझेरियन झालं. मुलगा. दिवसांआधी आला म्हणून वजन कमी, त्यात थोडी कावीळ. डॉक्टर म्हणाले, बाळाला काही दिवस उजेडाखाली ठेवू, आठवड्याभरात सोडू. बाई आनंदानं रडल्या आणि रडता रडताच आमच्याकडे वळल्या. "आठ दिवसात होईल ना रे खोली?"

"होईल," मी म्हणालो. चाचा म्हणाले, "भिंतीले इचारा." मला त्यांचा राग आला.

तराई बंद केली. पंखा पुन्हा लावला. खिडक्या उघड्या, बाहेर मे महिन्याची झळ. प्लास्टर भराभर सुकलं. वरून पांढुरकं दिसायला लागलं, तेव्हा आम्ही समजलो सिमेंट सुकलं. चौथ्या दिवशी त्या भिंतीला प्रायमर आणि दुसऱ्या दिवशी पुट्टीचा पहिला हात दिला. ओल्या जागेला सुकायला जास्त वेळ लागतो, म्हणून ती आधी आणि बाकीच्या तीन भिंती नंतर, असा माझा हिशेब. त्या संध्याकाळी भिंत इतकी गुळगुळीत दिसत होती, की बाईंनी दारातूनच तिला हात जोडले.

सकाळी मी खोलीत गेलो तर भिंतीवर मिशा फुटल्या होत्या. खरंच सांगतो, दुसरा शब्द नाही. कमरेच्या खाली सगळीकडे पांढरे, कापसासारखे केस. पुट्टी जागोजागी फुगलेली. अंगठा दाबला तर पापडासारखी मोडली आणि मागून पीठ सांडलं.  मी चाचांना हाक मारली नाही, ओरडलो.

चाचा आले. चष्मा नाकावर ओढून वाकले. ते पांढरं बोटावर घेतलं आणि बोट जिभेला लावलं. मला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

"मीठ हाये," ते म्हणाले.

मी पण चाखलं. खारट, कडवट. दोघंही एकमेकांकडे न बघता बाथरूमकडे बघायला लागलो. बोअरच्या नळाखालच्या बादलीला आतून पांढरा थर होता. त्या पाण्यात साबणाला फेस येत नव्हता, ते मी रोज आंघोळ करताना बघत होतो आणि साबणाला शिव्या देत होतो. घाटावर पाणी कमी असतं, पण असतं ते पाणी असतं. मीठ असलेलं पाणी आमच्या हिशेबात नव्हतंच. या भागाला खारपाणपट्टा म्हणतात, तो शब्द मी शाळेत पाठ केला होता, भिंतीला पाजताना आठवला नाही.

"तुम्हाले समजलं नाई?" मी चाचांवर घसरलो. "चाळीस वर्ष रंग मारून राह्यले, पाणी चाखता येत नाही?"

"तू पाइप धरला होता ना बे," चाचा शांतपणे म्हणाले. "म्या फक्त कालवलं."

आवाज ऐकून बाई आल्या. त्यांनी भिंत बघितली आणि दाराची चौकट धरली. आम्ही सांगितलं, बोअरच्या पाण्यातलं मीठ प्लास्टरमध्ये गेलं, आता भिंत सुकतेय तसं ते बाहेर येतंय. बाई ऐकत होत्या. "ह्या पाण्यात माझी डाळ शिजत नाही, हे मला माहीत होतं रे," त्या म्हणाल्या. "भिंत बी शिजणार नाही, हे सुचलंच नाही. अन् मीच म्हटलं होतं ना, ड्रमाले हात लावू नका."

 त्यांची चूक नव्हती. चाचांचीही नव्हती आणि माझी होती असं मला त्या क्षणी कबूल करायचं नव्हतं. दवाखान्यातून सोडायला दोन दिवस उरले होते.

बाईंनीच पहिला उपाय काढला. "हे पीठ पुसून घ्या, वरून दुसरी पुट्टी अन् रंग मारा. सव्वा महिना टिकलं तरी माझं काम झालं. मग लेक तिच्या घरी गेली की फोडा सगळी."

मी नाही म्हणालो.

"ऑइल पेंट मारा. त्यातून पाणी येत नाही म्हणतात."

"मीठ आत कोंडेल बाई. अन् एक दिवस प्लास्टरसकट फोडून बाहेर येईल. खाली कोण झोपलेलं असंल? सव्वा महिन्याचं लेकरू. त्याच्या डोळ्यात हे पीठ पडेल."

"तुझ्या घरचं बाळंतपण असतं तर असं बोलला असतास?"

"माह्या घरचं असतं तर आवाज याच्यापेक्षा मोठा असता," मी म्हणालो. माझा आवाज तसाही सगळ्या इमारतीत पोचला होता. बाई स्वयंपाकघरात निघून गेल्या. भांड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला. त्या रडत होत्या. मला स्वतःचीच चीड आली, पण शब्द परत घेता येईना. कारण शब्द खरे होते.

चाचांनी पत्र्याची पट्टी उचलली आणि पुट्टी खरवडायला सुरुवात केली. "भिंत उघडी ठेवू," ते म्हणाले. "कोरड्या ब्रशनं मीठ झाडू. गोड्या पाण्याचा ओला स्पंज फिरवू, सुकलं की परत झाडू. येणं बंद होईल तवा रंग." त्याला महिना लागेल की तीन, हे त्यांनाही सांगता येईना. पूर्ण प्लास्टर पुन्हा फोडून गोड्या पाण्यात करायचं म्हटलं तर धूळ आणि ओल, दोन्ही बाळाच्या येण्याआधी जाणं शक्य नव्हतं.

"अन् बाकीच्या तीन?"

"तीन अजून कोऱ्या हायेत. त्याइले खारं पाजू नको म्हणजे झालं."

मी गणित मांडलं. तीन भिंतींची पुट्टी कालवायला बारा-तेरा लिटर पाणी, प्रायमर आणि रंगात मिळून आणखी आठ-दहा, ब्रश आणि स्पंज धुवायला थोडं. ड्रममधलं घेतलं असतं तर बाई पुढच्या नळापर्यंत तहानलेल्या राहिल्या असत्या. मी कोपऱ्यावरून फिल्टरच्या पाण्याचे दोन जार आणले. इमारतीच्या जिन्यात बसलेल्या बायकांनी विचारलं, पाहुणे येणार का? मी म्हणालो, भिंत प्यायला बसली आहे. त्या पोट धरून हसल्या. "बापा! आमी खारं पिऊन राह्यलो अन् हे भिंतीले जार पाजून राह्यले!" संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीत आमची शोभा झाली होती. मला हसू आलं नाही.

दोन दिवस आम्ही जेवण सोडून दुसरं काही केलं नाही. पुट्टीचा एक हात, पंखे, घासणं, दुसरा हात, पुन्हा घासणं. बाई आमच्याशी बोलत नव्हत्या. ताट मात्र वेळेवर समोर यायचं. एकदा मी हळूच म्हणालो, "मजुरीत दोन दिवस धरत नाही बाई, उक्तं ते उक्तं." त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्यांच्या डोक्यात मजुरी नव्हतीच. हॉलमध्ये बाळाची दुपटी घडी करून ठेवली होती, लाकडी पाळणा पुसून ठेवला होता, डिंकाच्या लाडवांचा डबा. ते सगळं या घरात वापरलं जाणार की गाठोडं बांधून संग्रामपूरकडे जाणार, हे ठरवणाऱ्या सासूबाई दुसऱ्या दिवशी येणार होत्या.

सोडायच्या दिवशी सकाळी तीन भिंतींवर बदामी रंगाचा दुसरा हात सुकला होता. वास कमी यायचा रंग घेतला होता, तरी खिडक्या सताड उघड्या. चौथ्या भिंतीचा खालचा भाग तसाच, सिमेंटचा, खरबरीत, मिठाचे डाग असलेला. पहाटे पुन्हा मिशा फुटल्या होत्या, त्या चाचांनी ब्रशनं झाडल्या. पाळणा आणि खाट आम्ही समोरच्या भिंतीला लावले.

मी ओटा पुसून परत आलो तर बाई स्टुलावर चढून त्या भिंतीवर नवीकोरी फुलांची चादर टांगत होत्या.

"हे काय करून राह्यल्या?"

"तू गप बैस. आज तरी गप बैस."  चादरीचं एक टोक खिळ्यात बसेना. चाचा पुढे झाले, ते टोक अडकवून दिलं आणि त्यांना हात देऊन स्टुलावरून उतरवलं. मी तोंडात आलेले सगळे शब्द गिळले. मला ते कधी जमत नाही. त्या दिवशी जमलं.

फाटकाशी गाडी थांबली. जावई गाडीतच बसून राहिले. मागच्या बाजूला मुलगी होती, मांडीवर पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं एवढंसं लेकरू, बाहेर ऊन नुसतं पेटलेलं. सासूबाई एकट्या उतरल्या. बाई गाडीकडे धावल्या, तर सासूबाईंनी हात आडवा केला. "पहिले खोली पाहू द्या, इहीनबाई. मंग उतरवू."

मुलीनं आईकडे बघितलं, आईनं खाली बघितलं.

सासूबाई उंच, सडपातळ, डोक्यावर पदर. खोलीत येऊन त्यांनी तीन भिंतींवरून तळहात फिरवला. चाचा फिरवतात तसाच. कोपरे बघितले. खिडकी बघितली. मग चादरीसमोर उभ्या राहिल्या आणि एका हातानं ती ओढून काढली. खिळा टणकन फरशीवर पडला.  चादर त्यांच्या हातात लोंबत होती.

त्या वाकल्या, सिमेंटवर बोट घासलं आणि बोट जिभेला लावलं.

"खारं," त्या म्हणाल्या. "कोणी केलं हे?"

"मी," मी म्हणालो. मागून चाचा म्हणाले, "आमी दोघाइनं." त्याच्याही मागून बाई म्हणाल्या, "मी पाणी दाखवलं होतं."

"मंग रंग काऊन नाई मारला? त्या तिघीइले मारला, हिले काऊन नाई?"

मी सांगितलं. वरून झाकली असती तर महिनाभरात पापुद्रे सुटले असते, बाळाच्या अंगावर आले असते. ही उघडी राहील, रोज सकाळी कोरड्या ब्रशनं झाडायची, मीठ यायचं थांबलं की रंगवायची. बोलताना मला माझाच आवाज अनोळखी वाटत होता, इतका तो हळू होता.  पदराचं टोक गुंडाळून गुंडाळून बाईंनी बोट लाल करून टाकलं होतं.

 सासूबाई खाटेच्या कडेला बसल्या. उभ्या होत्या तोवर त्या मला खूप मोठ्या वाटत होत्या, बसल्यावर एकदम थकलेल्या दिसल्या.

"आमच्या घरी चारी भिंती अशाच हायेत," त्या म्हणाल्या. "दर दिवाळीले रंग मारतो, दर होळीले फुगते. माह्या पोराले लहानपणापासून दमा तिथंच लागला. तुमच्या घरी आले त्या दिवशी इथं बी तेच पाह्यलं अन् माहा जीव उडाला." त्यांनी चादरीची नीट घडी घातली. "मले वाटलं, लेकरू निदान माह्या नजरेपुढं तरी राहील. बाकी तिकडं कुठं नेऊ मी लेकराले? इथं तीन तरी गोड्या हायेत."

त्यांनी घडी केलेली चादर बाईंच्या हातात दिली. "जा, आना तिले. उनात बसून राह्यली पोरगी."

बाई धावल्या. त्या वयाच्या बाईला तसं धावताना मी बघितलं नव्हतं. दारात भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, बाळंतिणीच्या पायावर पाणी घातलं. ते पाणी त्यांनी निळ्या ड्रममधून घेतलं होतं, हे मी आणि चाचा, दोघांनीही बघितलं. मी तोंड फिरवून खिडकीची कडी घासायला लागलो, ती आधीच घासून झालेली होती.

हॉलचा रंग नंतर, चौथ्या भिंतीबरोबरच मारायचा ठरवून आम्ही हत्यारं गोणीत भरत होतो तेव्हा सासूबाई जवळ आल्या. आवाज पुन्हा पहिल्यासारखा कडक.

"आमच्या घराचा अंदाज किती होईल?"

मी सवयीनं खिशातला टेप काढला. चाचांनी माझं मनगट धरलं आणि टेप परत खिशात घालायला लावला.

"पहिले तुमचं पाणी चाखू द्या," ते म्हणाले.